फोटोतल्या केकवर व्हिप टॉपिंग आहे की फ्रेश क्रीम, आणि कोणतं किती टिकतं?

प्रश्न: ताई, मे महिन्यात मुलीचा पहिला वाढदिवस आहे, संभाजीनगरला. एका होमबेकरने 'फ्रेश क्रीम पाइनॅपल केक' म्हणून सोबतचा फोटो पाठवलाय. हे खरंच फ्रेश क्रीम आहे की व्हिप टॉपिंग, फोटोवरून कळतं का? केक दुपारी १ ला घेणार, हॉलला एसी नाही, ७ ला कापणार. उरलेला किती दिवस चालेल?

उत्तर:

फोटो झूम करून पाहिला, टॉपिंगच आहे, जवळजवळ खात्रीने. पण म्हणून लगेच त्या बेकरवर चिडू नका. आपल्याकडे आधी बेकरीत डालडा आणि पिठीसाखर फेटून केलेल्या घट्ट क्रीमचे केक मिळायचे, मग हे हलकं मऊ क्रीम आलं आणि त्याला सगळे फ्रेश क्रीम म्हणायला लागले, ते आजपर्यंत तसंच चालू आहे. त्यामुळे तिला 'फ्रेश क्रीम आहे का' विचारलंत तर ती 'हो' म्हणेल आणि तिच्या मते ते खरंच असेल. विचारायचं असं की 'दुधाचं व्हिपिंग क्रीम वापरता की नॉन-डेअरी टॉपिंग, आणि कोणत्या कंपनीचं?' याला सरळ उत्तर मिळतं. पाकिटाचा फोटो मागितला तरी कुणाला राग येत नाही, निदान मला तरी येत नाही.

आता फोटोत नेमकं काय बघायचं ते सांगते, पण त्याआधी दोन्हीत फरक काय ते थोडक्यात, कारण सगळ्या खुणा तिथूनच निघतात. टॉपिंग म्हणजे पाणी, साखर, घट्ट केलेलं वनस्पती तेल (बहुतेक पाम कर्नलचं) आणि ते सगळं एकत्र धरून ठेवणारे घटक. खूपशा टॉपिंगमधे थोडं दुधाचं प्रोटीनही असतं, त्यामुळे दुधाची ॲलर्जी असलेल्याने 'नॉन-डेअरी' वाचून निर्धास्त होऊ नये. हे फ्रोझन येतं, आम्ही ते फ्रीजमधे वितळवून गार असतानाच फेटतो आणि ते फुगून तिप्पट-चौपट होतं. दुधाचं व्हिपिंग क्रीम म्हणजे दुधावरची स्निग्धता, निदान ३० टक्के फॅट, चांगलं हवं असेल तर ३५, आणि ते जेमतेम दुप्पट होतं. किराणा दुकानात २५ टक्के फॅटचं जे साधं क्रीम मिळतं ते भाजीत घालायचं, ते कितीही फेटा, केकवर उभं राहत नाही.

खरी गंमत फॅट वितळण्यात आहे. फेटलेल्या क्रीममधे हवेचे बुडबुडे असतात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या भिंती घट्ट फॅटच्या असतात. दुधाचं फॅट फ्रीजमधे घट्ट असतं, पण आपल्या खोलीच्या तापमानालाच मऊ पडायला लागतं आणि तिशीच्या पुढे त्यातलं जवळपास सगळं पातळ होतं, म्हणजे भिंतीच पडतात. टॉपिंगचं फॅट मात्र अंगाच्या तापमानाच्या आसपास येईपर्यंत बऱ्यापैकी घट्ट राहतं. म्हणून टॉपिंगला काढलेली धार तशीच राहते आणि दुधाच्या क्रीमची धार काढल्यापासूनच थोडी विरघळल्यासारखी दिसते.

तुमच्या फोटोत खालच्या कडेला जी शिंपल्यांची बॉर्डर आहे ना, ती मोठी करून बघा. स्टार नोझलने काढलेली प्रत्येक रेघ वेगळी दिसतेय, रेघेचं टोक सुईसारखं आहे आणि दोन शिंपले एकमेकांना चिकटलेले असूनही एकमेकांत मिसळलेले नाहीत. दुधाच्या क्रीमने हीच बॉर्डर काढली तर रेघा असतात पण त्यांच्या माथ्यावर बारीक खरखर दिसते, कड किंचित फाटल्यासारखी होते आणि टोकं गोलसर होऊन एका बाजूला कलतात. मग वरची गुलाबाची फुलं. पातळ पाकळ्या, बाहेरच्या कडेला कागदाएवढ्या बारीक, आणि त्या आडव्या न पडता उभ्या आहेत. दुधाच्या क्रीमची अशी पाकळी मला तरी मे महिन्यात उभी करता येणार नाही, त्यात जिलेटिन घातलं तरी अवघड आहे. एवढी एक खूण सोडून बाकी काही बघितलं नसतं तरी मी टॉपिंगच म्हटलं असतं.

रंगाचं मात्र जपून. सगळीकडे सांगतात की टॉपिंग पांढरंशुभ्र आणि क्रीम पिवळसर, ते खरंच आहे, दुधाच्या फॅटला मुळातच हस्तिदंती छटा असते आणि टॉपिंगला कधीकधी निळसर झाक मारते. पण फोन काय करतो, पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो आपोआप पांढरा करतो, किंवा उलट, आणि वर फिल्टर. म्हणून क्रीमचा रंग नुसता बघू नका, त्याच फोटोतल्या दुसऱ्या पांढऱ्या वस्तूशी ताडून बघा. तुमच्या फोटोत केकच्या खाली पांढरी कागदी जाळी आहे आणि मागे पांढरं खोकं. क्रीम त्या जाळीइतकंच पांढरं आहे, किंबहुना थोडं जास्तच. दुधाचं असतं तर जाळीशेजारी ते लगेच मळकट पिवळं दिसलं असतं. फोटोत दुसरं काहीच पांढरं नसेल तर रंगावर निकाल देऊ नका.

तिसरी खूण कापलेल्या तुकड्याची, आणि ती तुमच्या फोटोत नाहीये, म्हणून बेकरकडे ती मुद्दाम मागा. टॉपिंगच्या केकमधे स्पंजचे थर आणि क्रीमचे थर पट्टीने आखल्यासारखे वेगळे दिसतात, क्रीमचा थर जाड असतो आणि वरच्या स्पंजचं वजन घेऊनही तो चेपलेला नसतो. दुधाच्या क्रीमचा थर सहसा पातळ असतो, मधेच दबलेला, आणि स्पंजच्या छिद्रांत थोडा उतरलेला. जवळून फोटो असेल तर टॉपिंगमधे सुरी फिरली तिथे गुळगुळीत चकाकी दिसते, दुधाच्या क्रीमचा कापलेला भाग किंचित रवाळ दिसतो.

गडद रंग हीसुद्धा चांगली खूण आहे. काळा, लालभडक, गडद निळा असा केक असेल आणि ते बटरक्रीम नसेल तर टॉपिंगच समजा, कारण तेवढा रंग दुधाच्या क्रीममधे घालून हलवत बसलं की ते जास्त फेटलं जाऊन फुटतं आणि लोण्याच्या गुठळ्या दिसायला लागतात.

आता फोटो कुठे फसवतो तेही सांगते. एक म्हणजे मिक्स. बरेच चांगले बेकर टॉपिंगमधे दुधाचं क्रीम मिसळतात, कुणी अर्धं-अर्धं, कुणी तीनास एक, चव दुधाची येते आणि उभं टॉपिंगसारखं राहतं. हे फोटोवरून ओळखता येत नाही, मलाही नाही. दुसरं म्हणजे मस्कार्पोने किंवा जिलेटिन घालून घट्ट केलेलं दुधाचं क्रीम, ते गार असताना बऱ्यापैकी धारदार दिसतं, पण रंगात पिवळेपणा राहतोच. तिसरं बटरक्रीम, त्याच्या कडा टॉपिंगपेक्षाही तीक्ष्ण असतात, पण त्याला तेलकट चकाकी असते किंवा वर कोरडी पापुद्र्यासारखी साय धरलेली दिसते. आणि सगळ्यात मोठी फसवणूक म्हणजे फोटोच दुसऱ्याचा असणं, तो इमेज सर्चला टाकून बघा, दहा ठिकाणी दिसला तर वरचं सगळं वाचून उपयोग नाही, तिच्याकडे तिने काल केलेल्या केकचा साधा, उजेडात काढलेला फोटो मागा.

हातात आल्यावर मात्र शंका राहत नाही. चिमूटभर क्रीम बोटांत चोळा, दुधाचं असेल तर लगेच पातळ होऊन बोट ओलं होतं, टॉपिंग असेल तर बुळबुळीत थर राहतो आणि तो साध्या पाण्याने जात नाही. खाल्ल्यावरही तसंच, टॉपिंग गिळल्यावर टाळूला मेणासारखं काहीतरी चिकटून राहतं. हे प्रत्येक कंपनीत कमी-जास्त असतं, महागातली टॉपिंगं आता बरीच सुधारलीत, पण जातं असं नाही.

बरं, आता खराब होण्याचं. इथे लोकांचा एक गैरसमज पक्का बसलाय, की टॉपिंग टिकतं म्हणजे ते बाहेर राहिलं तरी चालतं. टिकतो तो आकार. दुधाचं क्रीम बाहेर ठेवलं तर ते आधी बसतं, खाली पिवळसर पाणी सुटतं, कड ओघळते, म्हणजे पोटाला त्रास द्यायच्या आधी ते डोळ्याला कळतं आणि कुणी खात नाही. टॉपिंग मात्र तसंच छान उभं असतं, फुलं जिथल्या तिथे, आणि आत जे व्हायचं ते होत असतं. त्यात पाणी आहे, साखर आहे, बऱ्याचदा दुधाचं प्रोटीन आहे, आंबटपणा काहीच नाही, जंतूंना आणखी काय पाहिजे? साखर जास्त असल्यामुळे वाढ जरा हळू होते इतकंच. शिवाय केकवर क्रीम एकटं नसतं, साखरपाण्यात भिजवलेला स्पंज असतो, फळं असतात, आणि सजावट करताना हात लागलेले असतात. हातावरून येणारे स्टॅफ जातीचे जंतू उबेत वाढले की विष तयार करतात, त्याला वास नाही, चव नाही, नंतर फ्रीजमधे ठेवून ते जात नाही, आणि खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठेक तासांत उलट्या सुरू होतात. वाढदिवसानंतर रात्री अर्ध्या घराला उलट्या झाल्या आणि सगळे म्हणतात 'केक तर छान होता', तेव्हा पुष्कळदा असलंच काहीतरी असतं.

म्हणून बाहेर किती वेळ, याचा साधा हिशोब असा की दुधाच्या क्रीमचा केक फ्रीजबाहेर एकूण दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. 'एकूण' म्हणजे गाडीतला वेळ, टेबलावरचा वेळ, फोटो काढायचा वेळ सगळा धरून, मधे फ्रीजमधे ठेवला म्हणून घड्याळ परत शून्यावर येत नाही. टॉपिंगचा केक एसीच्या खोलीत तीन-चार तास उभा राहतो हे खरं, पण खायच्या दृष्टीने मी त्यालाही दोन तासच धरते आणि उन्हाळ्यात एक. काही बेकर मला यावर हसतात, हसू देत.

फ्रीजमधलं वेगळं. चार अंशांच्या आसपास, झाकून ठेवलेला दुधाच्या क्रीमचा केक पहिल्या दिवशी उत्तम, दुसऱ्या दिवशी ठीक, तिसऱ्या दिवशी मी देणार नाही. तो बिघडतो तो आंबट किंवा कडवट वासाने, तळाशी पाणी साचून, आणि त्याआधीच फ्रीजमधल्या कांद्याचा-बोंबलाचा वास ओढून घेतो, दुधाचं फॅट याबाबतीत फार वाईट. टॉपिंगचा केक क्रीमपुरतं बोलायचं तर चार-पाच दिवस जातो, पण मधे फळ असेल तर हिशोब फळाचा धरायचा, दोन दिवस. टॉपिंग जुनं झालं की वर केसासारख्या बारीक भेगा पडतात, जाळीदार छिद्रं दिसतात, कड सुकून पिवळी पडते आणि क्रीमचा थर स्पंजपासून सुटून सरकतो. दुकानाच्या काचेतल्या केकवर अशा भेगा दिसल्या तर तो आजचा नाही एवढं नक्की, मग पाटीवर काहीही लिहू देत. वास मात्र त्याला फार उशिरा येतो, म्हणून टॉपिंगच्या बाबतीत नाकावर भरवसा ठेवू नका, तारीख आणि वेळ विचारा.

आता तुमचा कार्यक्रम. दुपारी १ ला केक घेऊन ७ ला कापायचा, संभाजीनगर, मे महिना, म्हणजे बाहेर चाळिशीच्या आसपास. एसी नसलेल्या हॉलमधे दुधाच्या क्रीमचा केक अर्ध्या तासात बसेल, आणि लक्षात घ्या, चाळीस अंशांत टॉपिंगही बसतं, त्याचं फॅटही तिथे मऊ होतंच. फुलांच्या पाकळ्या आधी झुकतील, मग बॉर्डर सपाट होईल, मग वरचा थर एका बाजूला घसरेल. तेव्हा टॉपिंग आहे म्हणून निभावेल असं धरू नका.

शक्य असेल तर केक १ ला घेऊच नका, बेकरला सांगा ६ ला द्या, थोडे जास्त पैसे लागले तरी चालतील. ते नाही जमलं तर १ ला घेऊन घरच्या फ्रीजमधे सरळ मधल्या कप्प्यात, खोक्यासकट, आणि त्यासाठी खोक्याची उंची आदल्या दिवशी विचारून कप्पा रिकामा करून ठेवा, नाहीतर ऐनवेळी केक तिरका करून घालायची वेळ येते. दुपारी लाइट जात असतील तर फ्रीजचं दार उघडू नका, बंद फ्रीज चारेक तास गार राहतो. गाडीत एसी आधी दहा मिनिटं चालू करून मग केक ठेवायचा, मागच्या सीटवर नाही, ती उतरती असते, पायाशी सपाट जागेवर. हॉलवर ६:४५ ला आणा, फोटो, मेणबत्ती, कापा, आणि ७:४५ च्या आत वाटून टाका. पाहुणे उशिरा येणार असतील तर एक छोटा केक कापायला आणि बाकीचा चौकोनी केक तुकडे करूनच फ्रीजमधे, असं केलं तर सगळ्यात सोयीचं. हॉलवर फ्रीज आहे का हे विचारून ठेवा, असतो पुष्कळदा, पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला.

पाइनॅपलचंही एक विचारून घ्या, ताजं कापलेलं घालते की डब्यातलं किंवा साखरेत शिजवलेलं. ताज्या अननसात एक एन्झाइम असतं ते दुधाच्या प्रोटीनला तोडतं, त्यामुळे दुधाच्या क्रीमबरोबर काही तासांत कडू चव येते आणि जिलेटिन घातलं असेल तर ते सुटून पाणी होतं. शिजवलं की एन्झाइम मरतं, डब्यातलं शिजलेलंच असतं. टॉपिंगला याचा त्रास कमी होतो, पण ताज्या फोडींचा रस सुटून मधला थर घसरतो तो घसरतोच.

तुमच्या ठिकाणी मी असते तर मे महिन्यासाठी टॉपिंग किंवा मिक्सच घेतलं असतं, आणि दुधाच्या क्रीमचा केक डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवला असता. टॉपिंगमधलं ट्रान्स फॅट हा लोकांचा दुसरा प्रश्न असतो, तर २०२२ पासून आपल्याकडे तेल-तूप आणि त्यापासून केलेल्या पदार्थांत दोन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे नावाजलेल्या पाकिटांत तो मुद्दा बराच कमी झालाय, सॅच्युरेटेड फॅट मात्र भरपूर असतं. बाळाला एक वर्षाची असताना गोड क्रीम द्यायची तशीही गरज नाही, बेकरला सांगून तिच्यासाठी क्रीम न लावलेला स्पंजचा छोटा तुकडा वेगळा बांधून घ्या, आणि फोटोसाठी बोटभर क्रीम चाटवायचंच असेल तर केक फ्रीजमधून काढल्या काढल्या.

उरलेल्याचं असं करा. टेबलावर तासाभरापेक्षा जास्त राहिलेला तुकडा ठेवू नका, तो गेला समजा. फ्रीजमधेच राहिलेला भाग हवाबंद डब्यात घाला, क्रीमला झाकण लागत नसेल एवढा उंच डबा घ्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवा. संपत नसेल आणि तो टॉपिंगचा असेल तर फ्रीझरमधे महिनाभर जातो, अननसाच्या फोडी आधी काढून टाकायच्या आणि खायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणून ठेवायचा. दुधाच्या क्रीमचा केक असा गोठवला तर सोडवल्यावर क्रीम रवाळ होऊन पाणी सोडतं, खायला धोका नाही पण मजाही नाही, त्यापेक्षा क्रीम खरवडून टाका आणि नुसता स्पंज गोठवा.